खुलासा: पद लहान झालं म्हणजे बेरीज अचूक झाली असं नाही

अनंत श्रेणीची बेरीज करताना एक सल्ला ऐकू येतो: “पुढचं पद 0.0001 इतकं लहान झालं की थांबा, तीन दशांश स्थळं बरोबर येतात.”

हे चूक आहे. 1/n² ची बेरीज घ्या. शंभरावं पद नेमकं 0.0001 आहे आणि तिथवरची बेरीज 1.63498 येते. खरं उत्तर π²/6, म्हणजे 1.64493. दुसरं दशांश स्थळच चुकलं! सोडलेली पदं एकेकटी क्षुल्लक असली, तरी ती अनंत आहेत.

म्हणून पद नव्हे, शेपूट, म्हणजे सोडलेल्या सगळ्या पदांची बेरीज मोजा. 1/x² धन आणि उतरतं फलन असल्यानं N पदांनंतरची शेपूट त्याच्या N+1 पासून आणि N पासून अनंतापर्यंतच्या दोन संकलांच्या, म्हणजे 1/(N+1) आणि 1/N यांच्या मध्येच असते. N = 100 असताना ती 0.00990 ते 0.01000. ती मिळवली की उत्तर 1.64488 आणि 1.64499 यांच्या मध्ये अडकतं. दोन्ही टोकं 1.645 लाच पूर्णांकित होतात.

नुसत्या बेरजेनं चूक 0.0005 च्या आत आणायला सुमारे 2000 पदं लागतात. दोन सीमांचा मध्य मिळवला, तर 32 पुरतात.

फलन उतरतं नसेल, तर या सीमा लागू नाहीत. आणि 1/n साठी संकलच अनंत आहे. तिथं पद कितीही लहान होऊ दे, बेरीज वाढतच राहते.