‘एक वाक्य पुरलं असतं’ म्हणणाऱ्या वाचकाला

प्रतिक्रिया: काकू, घरातल्या सगळ्यांच्या टॅबवरून आपलं खातं कसं काढायचं, तो तुमचा लेख वाचला. फारच पाल्हाळ. पासवर्ड बदलला की सगळीकडून आपोआप लॉगआउट होतं, हे एक वाक्य पुरलं असतं. घरच्याच माणसांपासून एवढं काय लपवायचंय? आणि व्हॉट्सॲप पाच नाही, चार उपकरणांना जोडता येतं. रिटायर झाल्यावर वेळ जात नाही हे समजू शकतो, पण लिहिण्याआधी तपासत जा.

उत्तर:

तुमचं जे बरोबर आहे ते आधी. चारच. मी हातातला फोन धरून मोजले म्हणून पाच झाले. लेखात दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

‘काकू’ म्हणण्यावर माझा काही आक्षेप नाही. आमच्या सोसायटीतली सगळी पोरं मला काकूच म्हणतात. पण काकू म्हणायचं आणि चार ओळींनंतर ‘वेळ जात नाही’ म्हणून टोमणा मारायचा, याला आमच्याकडे आगाऊपणा म्हणतात. माझा वेळ उत्तम जातो. तो लेख लिहायला मला दोन आठवडे लागले, कारण त्यातली प्रत्येक पायरी मी आमच्या टॅबवर स्वतः करून पाहिली. तुमची प्रतिक्रिया आली रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी. कोणाचा वेळ जात नाही, ते आता सोडून देऊ.

आता तुमच्या त्या ‘पुरेशा’ वाक्याकडे येते. त्यातला ‘सगळीकडून’ हा शब्द चुकीचा आहे, आणि नेमक्या त्याच शब्दावर माझा अर्धा लेख उभा होता. तुम्ही तो वाचला असता तर कळलं असतं. गूगलच्या मदतीच्या पानावर अपवाद सरळ लिहून ठेवले आहेत. लॉगिन करताना ‘हो, मीच आहे’ अशी खात्री ज्या उपकरणावरून दिली जाते, ते पासवर्ड बदलल्यावरही आत राहू शकतं. तुम्ही परवानगी दिलेली बाहेरची ॲप्स ज्यांवर चालतात अशी काही उपकरणंही राहू शकतात. घरातल्या टॅबची नेमकी अडचण इथेच आहे. तो आपलाच, रोजच्या वायफायवर, कित्येक वर्षं लॉगिन असलेला. खात्री पटवायला गूगलला त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार कुठून मिळणार?

हे मी कुठे वाचून सांगत नाही, आमच्या घरात घडलं म्हणून सांगते. आमचा टॅब २०२० मध्ये नातीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतला. मुलाने तो सुरू करून दिला, अर्थातच स्वतःचं खातं घालून. शाळा पुन्हा भरायला लागली, मुलगा बदलीवर पुण्याला गेला, आणि टॅब जेवणाच्या टेबलावर राहिला. नातू त्यावर गेम खेळतो, हे क्रिकेट बघतात, मी रेसिपी बघते. मुलाचं खातं त्यावर आहे हे कोणाच्या लक्षातही नव्हतं, मुलाच्याही नाही.

मध्यंतरी त्याला कसला तरी संशयास्पद मेल आला, म्हणून त्याने पासवर्ड बदलला आणि तो निर्धास्त झाला. तुम्ही झाला असतात तसाच. महिनाभराने तो पुण्यात ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवर लॉगिन करत होता. पासवर्ड घातला, पुढची खात्री विचारली गेली, आणि त्याने खिशातून फोन काढायच्या आत लॅपटॉप उघडूनही गेला! त्याने फोनला हातसुद्धा लावला नव्हता. मग त्याचा मला फोन. नातवाला विचारलं तर म्हणाला, “गेमच्या मधेच काहीतरी आलं, मी हो दाबलं.” ते ‘काहीतरी’ म्हणजे लॉगिन तुम्हीच करताय का, असं विचारणारा पडदा. खाली दोन बटणं, त्यातलं एक `Yes, it's me`. आठ वर्षांच्या पोराने तेच दाबलं, कारण ते दाबलं की पडदा जातो आणि गेम पुढे चालू होतो. तो पडदा कधी कधी बटणांऐवजी तीन आकडे दाखवतो, त्यातला एक निवडायचा असतो. पोराने मग तीनातला एक दाबला असता, इतकंच.

त्या दिवशी पुण्यात मुलगाच बसला होता म्हणून निभावलं.

तुम्ही माझ्या रिटायरमेंटचा विषय काढलाच आहे तर सांगते. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरला. तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात की एंट्री एकाने करायची आणि पास दुसऱ्याने करायची. एकाच माणसाच्या हातात दोन्ही आलं की गडबड झालीच म्हणून समजा. कॉम्प्युटर नवे आले तेव्हा एकदा मी चहाला उठले आणि माझं टर्मिनल उघडंच राहिलं. परत येईपर्यंत माझ्या नावावर एक व्हाउचर पास झालेलं होतं. रक्कम किरकोळ, हेतूही वाईट नव्हता. सहकाऱ्याला घाई होती आणि माझी खुर्ची जवळ होती. पण मेमो मला मिळाला, त्याला नाही. लॉगिन ज्याचं, सही त्याची. तेव्हा ‘तपासत जा’ हे मला शिकवायला येऊ नका, मी तो धडा सर्व्हिस बुकात नोंद होऊन शिकले आहे. आमच्या टॅबचं तेच झालं होतं. पासवर्ड म्हणजे एंट्री. ती बदलली म्हणून टेबलावरचा पास करणारा बदलत नाही.

मग आम्ही काय केलं, ते त्या ‘पाल्हाळात’ होतं. तुम्ही ते ओलांडून गेलात, म्हणून पुन्हा. मुलाने पुण्यातून स्वतःच्या फोनवर myaccount.google.com उघडलं, Security मध्ये Your devices खालचं Manage all devices दाबलं. तिथे सध्या लॉगिन असलेली आणि गेल्या काही आठवड्यांत असलेली उपकरणं दिसतात. आमचा टॅब होता, आणि शेजारी वेळ त्याच दिवशी सकाळची. हे बघून तो आणखी घाबरला, कारण सकाळी आम्ही दोघं देवळात गेलो होतो. घाबरायचं कारण नव्हतं. ती वेळ कोणी टॅब हातात घेतल्याची नसते, टॅब आणि गूगल यांचं शेवटचं बोलणं झाल्याची असते. कपाटात पडलेला टॅबसुद्धा वायफायवर असेल तर आपणहून बोलत राहतो. एकाच टॅबच्या दोन ओळी दिसल्या तरी दोन टॅब समजू नका, दोन लॉगिनं समजा आणि दोन्ही काढा. त्याने ओळ उघडून Sign out दाबलं.

एवढ्यावर मी थांबले नाही. टॅब माझ्या हातात होता, म्हणून त्यावरूनही खातं काढलं. अँड्रॉइडवर जीमेलच्या ॲपमधून नुसतं लॉगआउट होता येत नाही. ॲप बंद केलं, अगदी उडवून टाकलं, तरी खातं टॅबमध्ये तसंच राहतं. Settings मध्ये Passwords & accounts या नावाचं पान असतं, कंपनीप्रमाणे नाव थोडं वेगळं, तिथे खातं निवडून Remove account करायचं. त्याआधी फोटोंचा बॅकअप कोणाच्या खात्यात जातोय ते बघा. आमच्या टॅबने काढलेले सगळे फोटो, ह्यांच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टांसकट, मुलाच्या खात्यात जात होते. त्याला वाटायचं, आई पाठवते.

आणि आता जे मूळ लेखात राहून गेलं होतं ते लिहिते. तुमच्या निमित्ताने का होईना, पुन्हा सगळं तपासलं. त्याबद्दल हवं तर आभार.

माझी धाकटी जाऊ गणपतीत आली होती. तिने याच टॅबवर क्रोममध्ये स्वतःचा मेल उघडला, बघितला, आणि शहाण्यासारखं लॉगआउटही केलं. पण मधे पासवर्ड जतन करायचा का, असं विचारणारी पट्टी आली तेव्हा तिने Save दाबलं. क्रोम तेव्हा मुलाच्या खात्यात चालू होतं. त्यामुळे तिचा पासवर्ड गेला मुलाच्या तिजोरीत. passwords.google.com उघडलं तर जाऊच्या नावाची एक ओळ, आणि डोळ्याच्या चिन्हावर दाबलं की पासवर्ड उघडा. तिच्या बाजूने लॉगआउट पूर्ण झालेलं होतं, पण टॅबवर पुन्हा आत शिरायला एका टिचकीचं काम! म्हणून क्रम असा ठेवा. जतन झालेला पासवर्ड आधी पुसायचा, मग लॉगआउट करायचं, आणि शेवटी ज्याचा पासवर्ड त्याने आपल्या फोनवरून तो बदलायचा. आधी बदलून मग त्याच टॅबवर ‘चालतोय का बघू’ म्हणून घातलात, तर पट्टी पुन्हा येते आणि बोट पुन्हा Save वर जातं.

व्हॉट्सॲपचा आकडा तुम्ही बरोबर काढलात, पण तोच तुमच्या वाक्याच्या विरुद्ध जातो हे ध्यानात आलं नाही का? त्याचा गूगलच्या पासवर्डशी काही संबंध नाही. गूगलचा पासवर्ड दहा वेळा बदला, टॅबवर जोडलेलं व्हॉट्सॲप ढिम्म हलत नाही. ते फोनमधल्या Linked devices मध्ये जाऊन त्या ओळीवर Log out करूनच निघतं. मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही तर जोडणी आपोआप तुटते, पण फोन १४ दिवस न वापरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

‘घरच्यांपासून काय लपवायचंय’ याला उत्तर देत नाही. प्रश्न नव्हता, शेरा होता.

आमच्या टॅबवर आता Multiple users चालू केलं आहे. नातवाचा वेगळा, आमचा वेगळा, आणि पाहुण्यांना Guest. पाहुणा गेला की त्याचं सगळं पुसायचं. ही सोय प्रत्येक कंपनीच्या टॅबवर नसते, आयपॅडवर घरगुती वापरासाठी तर नाहीच. तिथे नुसतं बघायचं असेल तर ब्राउझरच्या खाजगी टॅबमध्ये उघडा आणि सगळे खाजगी टॅब बंद करून उठा.

तुम्ही एक करा. आज रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी Manage all devices उघडा, किती ओळी दिसतात ते मोजा, आणि आकडा इथे लिहा. बरोबर आहे की नाही ते मी तपासणार नाही.