रक्तवाढीची गोळी, काळं शौच आणि एक फॉरवर्ड

«सावधान! रक्तवाढीच्या गोळ्या घेता का? १) शौच काळं झालं म्हणजे आतड्यात रक्तस्राव सुरू झालाय, गोळी त्याच दिवशी बंद करा. २) मळमळ म्हणजे शरीर गोळी नाकारतंय. ३) बद्धकोष्ठ झालं की लोह आतड्यात साठून त्याचं विष होतं. ४) बीट खा, गोळीची गरजच नाही. गोळ्या घरात ठेवू नका, आजच फेकून द्या!»

हा मेसेज माझ्या पुतणीच्या सासरच्या ग्रुपवर आला आणि सातव्या महिन्यात तिने तीन आठवडे गोळी बंद ठेवली. मला कळलं ते हिमोग्लोबिन ९.६ वरून ९.१ वर आल्यावर. बावीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे, पण घरातल्या पोरीने मला विचारायच्या आधी फॉरवर्डवर विश्वास ठेवला, याचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा जरा तिखट लिहिलं तर चालवून घ्या.

पहिल्या मुद्द्यावरच बोलायला हवं, कारण खरं नुकसान तो करतो. गोळीतलं सगळं लोह अंगी लागत नाही. दहा वाट्यांतला एक, फार तर दोन वाटे शोषले जातात. उरलेलं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथल्या जिवाणूंनी तयार केलेल्या सल्फाइडशी त्याचा संयोग होतो आणि काळं आयर्न सल्फाइड बनतं. शौचाचा काळा रंग तो हाच. गोळी सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत रंग बदलतो, बंद केली की काही दिवसांत पूर्ववत होतो. उलट गोळी नियमित घेणाऱ्या बाईचं शौच मुळीच काळवंडलं नाही, तर मी आधी विचारते, "गोळी खरंच घेतेस ना?"

रक्तस्रावाचं काळं वेगळं असतं, आणि फरक घरीही बऱ्यापैकी कळतो. जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्त गेलं की ते पचत पचत खाली येतं आणि डांबरासारखं होतं: चकचकीत, चिकट, बहुतेकदा पातळ. भांड्याला असं धरतं की एका तांब्यात निघत नाही. वास तर असा, की एकदा आला तर विसरत नाही. गोळीचं शौच हिरवट काळं असतं, घट्ट असतं, बऱ्याचदा खडा होतो, पाण्याने सरळ वाहून जातं आणि वास नेहमीचाच.

पण नुसत्या रंगावर थांबू नका, माणसाकडेही बघा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, थंड घाम, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, यातलं काही सोबत असेल तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. शौचावर लालभडक ताजं रक्त दिसलं तर बहुतेकदा कुंथून झालेली चीर किंवा मूळव्याध असते. तीही डॉक्टरांना दाखवायचीच, फक्त तिचा काळ्या रंगाशी संबंध नाही.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. काळ्या शौचाला घाबरावं अशी वेळ खरोखर येते. माझे थोरले दीर, वय ६४, गुडघ्यांसाठी दुखण्याची गोळी रोज घ्यायचे, तीही उपाशीपोटी. रक्त कमी निघालं म्हणून कोणीतरी त्यांना आयर्न सुरू केलं. शौच काळं होतं, पण सगळ्यांनी मान डोलावली, "आयर्नचं असणार." जाऊबाई म्हणाल्या, "अगं, दोन बादल्या ओतल्या तरी निघत नाही." तेव्हा मी चपापले. आयर्न थांबवून पाच दिवस झाले तरी रंग तोच. हिमोग्लोबिन ७.२ झालेलं. दुर्बिणीने तपासल्यावर जठरात व्रण सापडला. म्हणजे फॉरवर्डच्या उलटीच चूकही होते: गोळीच्या आडोशाने खरा रक्तस्राव लपतो. दुखण्याची गोळी, ॲस्पिरिन किंवा दारू चालू असेल, किंवा काळेपणा आयर्न सुरू होण्याआधीचाच असेल, तर आयर्नला दोष देऊन मोकळं व्हायचं नाही. आणि पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी पडलं, तर ते जातंय कुठे हे शोधायलाच हवं, शौचाचा रंग कसाही असो.

दुसऱ्या-तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. आयर्नने मळमळतं, पोट जड होतं, शौचाला खडा होतो. हे काही मनाचे खेळ नाहीत, आणि "सवय होईल" म्हणून बाईला परत पाठवणाऱ्यांचाही मला रागच येतो. पण विष वगैरे काही साठत नाही. न शोषलेलं लोह आतड्याला टोचतं, बाकी काही नाही.

पुतणीचं काय चुकत होतं ते बघा. सकाळी उपाशीपोटी गोळी, वर लगेच चहा, आणि कॅल्शियमची गोळी त्याच घोटाबरोबर. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोहाला अडवतात, म्हणजे मळमळ पदरात पडायची आणि लोह मात्र कमी मिळायचं. मी वेळा बदलून दिल्या. आयर्न रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणासोबत. चहा आयर्नच्या आसपास तासभर नाही. पोटात अन्न असलं की शोषण थोडं कमी होतं हे खरं, पण उलटून पडलेल्या गोळीपेक्षा ते बरं. मात्रा डॉक्टरांनी ठरवली: आठवडाभर सरकारी लाल गोळी, ६० मिलिग्रॅमची, रोज एकच. सोसली तेव्हा दोन. बद्धकोष्ठासाठी त्यांनीच लॅक्ट्युलोजचं सिरप दिलं. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.१. शौच अजून काळंच आहे, आणि असू दे.

ज्या गरोदर नाहीत त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. २०१७ साली लॅन्सेट हेमॅटॉलॉजीमध्ये झुरिकच्या संशोधकांनी लोहाचा साठा कमी असलेल्या ४० तरुण स्त्रियांवरचा अभ्यास छापला. रोज गोळी घेणाऱ्यांनी सुमारे १६ टक्के लोह शोषलं, एक दिवसाआड घेणाऱ्यांनी जवळपास २२ टक्के. कारण गोळीनंतर हेप्सिडिन नावाचं शरीरातलं संप्रेरक वाढतं आणि ते दिवसभर पुढच्या लोहाला दार लावून बसतं. तेव्हा रोज सोसत नसेल तर गोळी सोडण्याऐवजी दिवसाआडचं डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात आणि रक्त फारच कमी असेल तर मात्र हा निर्णय स्वतः घ्यायचा नाही.

बिटाबद्दल जास्त लिहायचं जिवावर येतं. १०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. एका लाल गोळीची बरोबरी करायला सहा किलो बीट लागेल. खा, कोशिंबीर छान होते. आणि बीट खाल्ल्यावर शौच लाल दिसलं तर त्याचंही फॉरवर्ड करू नका.

राहता राहिलं गोळ्या घरात न ठेवणं. फेकायच्या नाहीत, पण लहान मुलाच्या हाती लागतील अशाही ठेवायच्या नाहीत. लाल, गोड लेपाच्या गोळ्या मुलांना चॉकलेटसारख्या वाटतात, आणि मूठभर आयर्नने लहान मूल दगावू शकतं. पुतणीचं मोठं पोर तीन वर्षांचं आहे. गोळ्यांची पाकिटं डब्यात घालून तिच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर मीच ठेवून आले.