गप्प झालेली दाढ आणि रीलची पहिली ओळ

“डेंटल क्लिनिकच्या रीलची पहिली ओळ घाबरवणारीच हवी. ‘ही चूक कराल तर सगळे दात गमवाल’ म्हणा, किडलेल्या दाताचा क्लोजअप टाका, ‘९९ टक्के लोक चुकीचा ब्रश करतात’ म्हणा. तीन सेकंदांत धडकी भरली तरच अंगठा थांबतो, आणि अंगठा थांबला की पेशंट आलाच.”

हा सल्ला नेहमी ऐकू येतो. अंगठा थांबतो, हे मला मान्य आहे. पण तो कुणाचा थांबतो, ते बघायला हवं. मी दातांच्या दवाखान्यांसाठी व्हिडिओ लिहिते, आणि सुरुवातीला अशाच धडकी भरवणाऱ्या ओळी मीही लिहिल्यात. एका रीलला व्ह्यूज भरपूर आले. खाली कमेंट्स बघितल्या तर “ईईई”, “जेवताना का दाखवता हे”, आणि मित्राला टॅग करून “हे बघ तुझे दात”. म्हणजे थांबले ते ज्यांच्या तोंडात सगळं ठीक होतं ते. त्यांच्यासाठी ती गंमत होती. ज्याची दाढ खरोखर किडलीय तो माणूस आधीच घाबरलेला असतो, आणि त्या भीतीपोटीच तो सहा महिने दवाखाना टाळत आलेला असतो. त्याला आणखी घाबरवलं की तो सगळ्यात आधी पुढे सरकतो.

ही गोष्ट नवी नाही, आणि गंमत म्हणजे ती दातांवरच तपासली गेली आहे. जॅनिस आणि फेशबाख या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शाळकरी मुलांना दातांच्या निगेवर एकच व्याख्यान तीन तऱ्हांनी दिलं: एकात वेदना आणि सडलेल्या दातांची भडक चित्रं, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात अगदी सौम्य. भडक व्याख्यान ऐकणारी मुलं तेव्हा सगळ्यात जास्त धास्तावली. पण आठवड्याने सवयी विचारल्या तेव्हा सांगितल्याप्रमाणे बदल करण्यात सौम्य गट पुढे होता: तिथे निव्वळ बदल ३६ टक्के, भडक गटात फक्त ८. नंतरच्या अभ्यासांनी या निष्कर्षाला मुरड घातली, हेही सांगायला हवं. भीतीसोबत ‘हे तुला जमेल’ असा सोपा उपाय दिला, तर भीतीही काम करते. पण तीन सेकंदांच्या ओळीत फक्त भीती मावते. उपाय मागून येतो, आणि तोवर माणूस निघून गेलेला असतो.

९९ टक्क्यांबद्दल फार बोलत नाही. तो आकडा कुठून आला असं एका पेशंटने खुर्चीत बसल्यावर विचारलं, तर डॉक्टरांनी काय सांगायचं? विषय संपला.

मग थांबवायचं कसं? ओळ खुर्चीतून उचलायची. डॉक्टरांना आणि रिसेप्शनवर बसणाऱ्या ताईंना मी एकच प्रश्न विचारते: लोक आल्याआल्या कोणतं वाक्य बोलतात? एकदा उत्तर आलं, “डॉक्टर, मध्यंतरी खूप ठणकत होती, पण नंतर थांबली, म्हणून आलो नाही.”

या वाक्यामागे काय असू शकतं, ते बघा. दाताच्या आत जी ‘नस’ म्हणतात ती मऊ पेशींची, रक्तवाहिन्यांची आणि मज्जातंतूंची जागा असते. कीड तिथपर्यंत पोचली की दाह होतो, पण भोवती कठीण कवच असल्याने सुजायला वाव नसतो. आत दाब वाढतो आणि ठणका लागतो, आडवं झाल्यावर जास्तच. काही दिवसांनी ती नस मरते. मग कळ थांबते, थंड लागणंही थांबतं. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडाकडे सरकत राहतात, आणि माणूस “बरी झाली” म्हणत निवांत असतो. पुढे कधीतरी गाल सुजून येतो किंवा हिरडीवर पुवाची पुळी दिसते.

यावर दवाखान्याने आधी लिहिलेली ओळ होती: “दाढदुखीकडे दुर्लक्ष केल्यास होणारे ५ गंभीर परिणाम.” ही कुणाचीच ओळ नाही. ज्याची दाढ आता दुखत नाही, तो तर स्वतःला त्यात मोजणारच नाही! मी आधी लिहिलं, “दुखणं थांबलंय? सावधान!” हीसुद्धा धडकीच, फक्त मफलर गुंडाळलेली. शेवटी ठरली ती ओळ अशी: “मध्यंतरी ठणकणारी दाढ आता दुखत नाही?”

यात ‘मध्यंतरी’ हा शब्द सगळं काम करतो. ज्याच्या बाबतीत हे घडलंय त्याला ती रात्र आठवते आणि जीभ आपोआप त्या दाढेकडे जाते. बाकीचे पुढे जातात, जाऊ देत. दुसरं वाक्य लगेच हवं: “कधी ती खरंच शांत झालेली असते, कधी आतली नस मेलेली असते. फरक कसा कळतो, सांगते.” पहिल्या वाक्यानंतर डॉक्टरांनी “नमस्कार, मी अमुक, आज आपण पाहणार आहोत” सुरू केलं की मिळालेली माणसं तिथेच गळतात. प्रेक्षक टिकल्याचा आलेख उघडून पाहिला तर हे डोळ्यांनी दिसतं. रेघ पहिल्याच क्षणी कोसळली तर ओळ चुकली. चौथ्या-पाचव्या सेकंदाला कोसळली तर ओळ बरोबर होती, पण तिने दिलेला शब्द पाळला गेला नाही.

‘कधी’ हा शब्द मात्र काढायचा नाही. अडकलेला घास निघून गेला, हिरडीची सूज उतरली, तरी दुखणं थांबतं. प्रत्येक गप्प दाढ मेलेली नसते, आणि ते व्हिडिओतून ठरवताही येत नाही. डॉक्टर दाताला गार स्पर्श करून प्रतिसाद बघतात आणि एक्स-रे काढतात. मुळाच्या टोकाशी काळसर सावली दिसली तर कळतं. रीलमध्ये हेच दाखवलं: दोन एक्स-रे शेजारी शेजारी, एक सावलीवाला, एक बिनसावलीचा. रक्त नाही, पू नाही. डॉक्टर मास्क काढून समोर बसलेल्या, मागे ड्रिलचा आवाज नाही. बरेचजण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून तीच ओळ ठळक अक्षरांत पडद्याच्या वरच्या भागात. खाली लिहिली तर कॅप्शन आणि बटणं तिच्यावर येतात.

राहिलं “अंगठा थांबला की पेशंट आलाच.” या रीलला त्या आधीच्या किळसवाण्या रीलपेक्षा व्ह्यूज कमी आले. कमेंट्स मात्र अशा होत्या: “माझी डावीकडची अशीच झाली होती, दाखवायला हवी का?” दवाखान्याच्या उपयोगाचं माणूस हे. ते जवळ राहत असेल तर येईल, लांब राहत असेल तर त्याच्या जवळच्या डॉक्टरांकडे जाईल.

घाईची, हुकूम देणारी पहिली ओळ मी एका विषयाला बिनधास्त वापरते. मार लागून दात मुळासकट बाहेर आला, तर तो अर्ध्या तासाच्या आसपास परत बसवता आला तर टिकायची शक्यता चांगली असते. तिथे ओळ अशी: “पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता दुधात ठेवा, आणि लगेच डेंटिस्टकडे निघा.” कुणी तीन सेकंदांत पुढे गेलं तरी कामाचं तेवढं घेऊन गेलं. ‘कायमचा’ हा शब्द पहिल्या मसुद्यात नव्हता, तो डॉक्टरांनी घालायला लावला, कारण दुधाचा दात परत बसवत नाहीत.