थर्टीन्थ, नो सॉरी, फिफ्टीन्थ

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावात काल मला लिसनिंगमध्ये चाळीसपैकी 23 मिळाले, म्हणजे सहा बँड. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तर लिसनिंगमध्ये सात लागतात, आणि सातला साधारण 30 बरोबर यावे लागतात. हे दुःख मी गिळलं असतं, पण शेजारी बसलेल्या काकांना पहिल्या भागात दहापैकी नऊ मिळाले. आणि काका परीक्षार्थी नव्हतेच.

गोखले रोडवर मिठाईच्या दुकानाच्या वर आमचा क्लास. काकांची मुलगी तापाने आडवी होती. फी भरली आहे, जागा का वाया घालवायची, म्हणून हे स्वतः आले. सोबत पाण्याची बाटली, टोकदार केलेली पेन्सिल आणि डब्यात थालीपीठ.

पहिला भाग म्हणजे दोघांचं साधं बोलणं. एक बाई फोनवर सायकली भाड्याने घेते, आपण टिपणातल्या रिकाम्या जागा भरायच्या. तारीख, किती माणसं, अनामत रक्कम. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं.

बाई म्हणाली, "द थर्टीन्थ." मी लिहिलं 13. बाई म्हणाली, "नो, सॉरी, दॅट्स द ट्यूझडे." तिला गुरुवार हवा होता, म्हणून "द फिफ्टीन्थ". मी खोडलं. खोडरबर फिरवतेय तोवर दुकानदार म्हणाला, पंधराला सायकली नाहीत, बावीसला चालेल का? बाई म्हणाली, "फाइन."

तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला, "अहो, आधी ठरवा ना एकदा!" काका रेकॉर्डिंगशी बोलत होते. अख्खा वर्ग हसला आणि त्या हशात अनामत रक्कम निघून गेली. तिथे म्हणे साठ पाउंड आलं होतं, पण ते गेल्या वर्षीचं, यंदा पंचाहत्तर. मी दोन्ही ऐकले नाहीत. एका तारखेने दोन मार्क खाल्ले, एक मी खोडण्यात गमावला आणि दुसरा हशात.

मग मी शहाणी झाले. नेहमी शेवटचा आकडा लिहायचा. पुढे बाई म्हणाली, आम्ही चौघे आहोत, मागच्या उन्हाळ्यात सहा होतो. मी अभिमानाने 6 लिहिलं. काकांच्या कागदावर 4 होता. मी चोरून पाहिलं, हो.

मधल्या सुट्टीत थालीपीठाचा तुकडा पुढे करून काका म्हणाले, "सिस्टर, तुम्ही घाई करता. मी बत्तीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीवर होतो. माणूस येतो, म्हणतो दोन कल्याण. मग म्हणतो तीन. मग मागे वळून बायकोला विचारतो. बायको म्हणते, दोनच, भावजी येत नाहीयेत. मी तोवर हात उचलत नसे. पहिला आकडा डोक्यात ठेवायचा, आणि समोरचा 'बरं' म्हणाला की मग मारायचं तिकीट."

"आणि ते गेल्या वर्षीचं?"

"त्याला कोण तिकीट देतं? काल कुठे गेलो होतो ते सांगणारेही खिडकीशी येतातच की."

बत्तीस वर्षं, आणि माझी आठवड्याची फी. सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, 'सॉरी', 'अ‍ॅक्च्युअली', 'आय मीन' ऐकलं की सावध व्हा. पण "मागच्या उन्हाळ्यात सहा" याच्या आधी कुणी सॉरी म्हणत नाही. बाई काही दुरुस्त करत नाही, नुसती आठवण काढते. शब्द पकडून काय उपयोग, तो आकडा कुणाचा आणि कधीचा हे कळलं पाहिजे. काकांना ते आपोआप कळतं. मला थालीपीठ गोड लागेना.

खरं सांगू का, राग काकांचा नाही. वॉर्डात डॉक्टर फोनवर "दहा... नको, पाच द्या" म्हणाले की मी विचारते, "सर, पाच ना? पाच." ते "हो" म्हणेपर्यंत इंजेक्शनला हात लावत नाही. चौदा वर्षं हेच केलं, कारण तिथे ऐकण्यात चूक झाली तर माणूस जातो. आणि जिथे ऐकण्याची परीक्षा घेतात, तिथे मला परत विचारायची सोय नाही! असली नर्स इंग्लंडला हवी आहे का, जी एकदाच ऐकून इंजेक्शन भरते? हे सरांना विचारलं तर ते म्हणाले, "पुढच्या वेळी स्पेलिंगही बघा, त्यातही तीन गेलेत."

निघताना काका रिसेप्शनवर मुलीची बॅच बदलून घेत होते. "रविवारची करा." रिसेप्शनवरच्या मुलीने रजिस्टरात पेनने रविवार लिहिलं. "नाही, थांबा, रविवारी साखरपुडा आहे. शनिवारची." तिने खोडलं. "पण शनिवारी तिच्या मामाकडे..." मुलीने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी चपला घातल्या आणि कुणाला काही न सांगता जिना उतरले.