ओरडली का नाहीस, हे विचारणं थांबवा

"मावशी, काल दादरच्या पुलावर गर्दीत एकाने मागून हात लावला. दोनदा. मला कळत होतं, पण तोंडातून आवाजच फुटला नाही. घरी आल्यावर नुसती थरथरत होते. आता त्याच्यापेक्षा जास्त राग मला माझाच येतोय. तुमच्या जपानमध्ये असं होत नसेल ना?"

डोंबिवलीच्या माझ्या भाचीचा हा निरोप. तिला विचारूनच इथे दिला आहे, कारण उत्तर तिच्या एकटीपुरतं नाही.

होतं, बाळा. इथेही होतं. मी टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाईत राहते. आपली बरीच मराठी कुटुंबं या भागात आहेत आणि सकाळी शहराकडे जाणारी आमची तोझाई लाईन तुमच्या कल्याण फास्टची आठवण करून देते. गर्दीत अंगचटीला येणाऱ्या माणसाला इथे 'चिकान' म्हणतात आणि 'चिकान हा गुन्हा आहे' अशी पोस्टरं स्टेशनांवर लागलेली असतात. 2000 सालानंतर इथल्या रेल्वे कंपन्यांनी एकेक करून बायकांचे वेगळे डबे सुरू केले, तेही या त्रासामुळेच. म्हणजे शिस्तीचा, स्वच्छतेचा, वक्तशीरपणाचा आणि या गोष्टीचा काही संबंध नाही. गर्दी असली आणि आपण सापडणार नाही अशी खात्री असली की असा माणूस कुठल्याही देशात हात पुढे करतो.

फरक मला दिसतो तो नंतरच्या काही तासांत. तुझा राग नेमका तिथेच उलटा फिरलाय, म्हणून त्याबद्दल लिहिते.

टोकियो पोलिसांचं 'डिजी पोलीस' नावाचं अॅप आहे. त्यातलं एक बटण दाबलं की फोनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'चिकान आहे, मदत करा' अशा अर्थाचा मजकूर येतो. तो शेजारच्या प्रवाशाला नुसता दाखवायचा. पुन्हा दाबलं की फोनच 'थांबवा' असं मोठ्याने म्हणतो. म्हणजे त्या क्षणी बाईच्या घशातून आवाज निघणार नाही, हे धरूनच ते बनवलंय. 2023 च्या जुलैपासून इथला लैंगिक गुन्ह्यांचा कायदाही बदलला. नकार मनात ठरवणं, तो बोलून दाखवणं किंवा तो शेवटपर्यंत टिकवणं माणसाला कशाकशामुळे अवघड होतं, याची आठ कारणं आता कायद्यातच लिहिली आहेत. अनपेक्षित प्रसंग समोर आल्याने भीतीने किंवा धक्क्याने थिजून जाणं हे त्यातलं एक. तुझं जे झालं, त्याला इथल्या कायद्याच्या पुस्तकात जागा आहे.

आपल्याकडे काय होतं? 2025 च्या फेब्रुवारीत स्वारगेट आगारात उभ्या शिवशाहीत बलात्कार झाला, तेव्हा मी इथे बसून मराठी बातम्या बघत होते. गुन्हा फार वेगळा, फार भयंकर होता. पण दोन दिवसांत चर्चा कुठे येऊन पोचली? तिने आरडाओरडा का केला नाही, प्रतिकार का केला नाही. मला अजून त्याचा संताप येतो. तो प्रश्न त्या एका मुलीपाशी थांबत नाही. दादरच्या पुलावर कुणी अंगाला हात लावला की बावीस वर्षांची पोरगी तोच प्रश्न स्वतःला विचारते, आणि जो राग त्या माणसावर निघायला हवा तो स्वतःला खात बसतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे घडलेली गोष्ट सांगते. कोल्हापूरची एक मुलगी नोकरीला इथे नुकतीच आली होती. सकाळच्या गाडीत एक माणूस रोज तिच्या मागे येऊन उभा राहायचा. पहिल्यांदा तिला वाटलं, गर्दी आहे, चुकून लागला असेल. नंतर कळलं की गाडी हलते तेव्हा हात हलत नाही आणि गाडी स्थिर असते तेव्हा हलतो. चुकून झालेला धक्का आणि मुद्दाम लावलेला हात यांतला फरक ओळखायला यापेक्षा नेमकी खूण मला माहीत नाही. तिने डबा बदलला, तर तो त्या डब्यात आला. मग ती ऑफिसला उशिरा जायला लागली आणि शेवटी एका रविवारी माझ्याकडे येऊन रडली.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त जपानी नर्सबाई पीडित स्त्रियांच्या मदत केंद्रात काम करतात. मी तिला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी "तू काही बोलली का नाहीस" असं विचारलंच नाही. वेळ, कितवा डबा, कितवं दार, त्याची उंची, बॅग कुठल्या हातात, एवढंच विचारलं आणि सगळं तिच्याच अक्षरात लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "धोक्यात शरीर पळतं, लढतं किंवा थिजतं. निवड शरीर करतं, तू नाही. राग उशिरा येतो, कारण तोपर्यंत शरीर तुला वाचवण्यात गुंतलेलं असतं." मी ते मराठीत सांगत होते आणि सांगता सांगता माझाच आवाज कापायला लागला.

रेल्वे पोलिसांच्या पथकाकडे गेल्यावर कळलं की असे लोक बहुतेक वेळा तीच गाडी, तोच डबा धरतात. म्हणून पोलीस साध्या कपड्यांत तक्रारदाराबरोबर गाडीतून जातात. तसे ते गेले आणि तो सापडला. त्याच्या तळहातांवर चिकटपट्टीसारखे कागद दाबून धागे उचलले आणि तिचा स्कर्ट ताडून बघायला ठेवून घेतला. इथे खोट्या आरोपाच्या भीतीवरही खूप वाद होतो. काही पुरुष गाडीत दोन्ही हात वर कड्यांना धरून उभे राहतात. ते धागे दोन्ही बाजूंच्या कामाचे असतात.

पण पुढचं सगळं काही सुखाचं नव्हतं. एका मोठ्या बाहुलीला तिच्या जागी उभं करून, तो कसा उभा होता, हात कुठे होता, हे तिला दाखवायला लावलं आणि फोटो काढले. जबाब संपेपर्यंत संध्याकाळ झाली. काही आठवड्यांनी त्याच्या वकिलाने माफीचं पत्र आणि पैशांचा प्रस्ताव पाठवला. इथे अशी तडजोड सर्रास होते आणि ती झाली की खटला बहुधा पुढे जात नाही. तिने बरेच दिवस विचार करून ते घेतलं. बरोबर केलं का? मला आजही सांगता येत नाही. ती म्हणते, झोप परत आली, राग नाही गेला.

आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बघा, इथे कायदा कडक आहे. आपल्याकडे काही होत नाही." अर्धंच खरं आहे ते. कपड्यांवरून हात लावण्याचे बरेचसे प्रकार टोकियोत महानगराच्या नियमाखाली येतात. त्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाच लाख येन दंड. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 मध्ये कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त पाच वर्षं आहेत आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. बायकांच्या डब्यात पुरुष शिरला तर आपल्या रेल्वे कायद्याने तो गुन्हा ठरतो. इथे ते नुसतं विनंतीवजा आहे. कागदावर आपण पुढेच आहोत. घोडं अडतं ते चौकीच्या दारात. तिथे बाई एकटी उभी असते आणि पहिलाच प्रश्न तिच्या कपड्यांबद्दल किंवा वेळेबद्दल येईल अशी तिला धास्ती असते.

घरच्या चर्चाही फिरून फिरून डबे वाढवा आणि फाशी द्या, इथेच येतात. लेडीज डबा हवाच, मी त्यातच वाढले. पण पूल, जिना आणि प्लॅटफॉर्म हे काही लेडीज डब्यात बसत नाहीत, आणि मुंबईत किती बायकांना नेमका तिथेच त्रास होतो! माझ्या आईला फोनवर तुझं सांगितलं, तर तिने तिच्या कॉलेजच्या दिवसांतली सेफ्टी पिनची गोष्ट सुरू केली. तिने पिन खरंच टोचली होती आणि तो माणूस ओरडला होता. मला आईचं कौतुक आहे. पण पिन हातात असूनही हात न हललेल्या तिच्या मैत्रिणींची गोष्ट कुणीच सांगत नाही.

आता तुझ्यापुरतं. पूल स्टेशनच्या आवारात असेल तर ती हद्द लोहमार्ग पोलिसांची. त्यांचा नंबर 1512. हद्दीवरून कुणी टोलवलं तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावाच लागतो आणि अशा गुन्ह्यात तुझी माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते. स्टेशनवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून वेळ, जिना, त्याचा शर्ट, जे आठवेल ते आजच लिही. कपडे अजून धुतले नसतील तर कागदी पिशवीत ठेव, प्लॅस्टिकच्या नको. आईला किंवा मैत्रिणीला बरोबर ने, आणि बोलायचं तूच, त्यांनी नुसतं शेजारी बसायचं.

तक्रार करायची नसेल तरीही तुझा राग खोटा ठरत नाही. नर्सबाई कोल्हापूरच्या मुलीला वहीत रोज त्या माणसाला उद्देशून लिहायला सांगायच्या. वाक्यात 'मी का नाही' आलं की ते खोडायचं आणि 'त्याने का' असं लिहायचं. पहिल्या आठवड्यात वहीभर खाडाखोड होती. गाडीही तिने एकदम धरली नाही. आधी रविवारी दुपारी माझ्याबरोबर एक स्टेशन, मग दोन, मग एकटीने, आणि गर्दीची वेळ सगळ्यात शेवटी. महिना उलटूनही रात्री तेच दिसत असेल, पुलाच्या विचाराने घाम फुटत असेल, तर 14416 वर फोन कर. ती सरकारी मानसिक आरोग्य सेवा आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तुझे बाबा म्हणतात, पोलिसांच्या भानगडीत पडू नको. तुझी आई म्हणते, जाऊच. मला तू गेलेली आवडेल, पण पुलावर त्या वेळी मी नव्हते आणि चौकीतही मी नसेन, त्यामुळे तू ठरवशील ते मला मान्य आहे. ठरवायला वेळ घे. फक्त कॅमेऱ्याचं चित्रण तेवढा वेळ थांबत नाही, म्हणून वेळ आणि जिना आज रात्रीच लिहून ठेव.