चहाची वजावट

परवा शिकवणीच्या फीचे पाकीट उघडले तेव्हा त्यात 3,600 ऐवजी 3,250 रुपये निघाले आणि सोबत एक घडी घातलेला कागद, ज्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘वजावट 105 मिनिटे, दर मिनिटास रु. 3.33.’

पगार पुरत नाही, हे वेगळे सांगायला नको. कचेरीतून सुटून डोंबिवलीला उतरेपर्यंत अंगात जेमतेम एकाच जोडधंद्यापुरते त्राण उरते. विमा विकायचा तर नातेवाईक दुरावतात आणि भाषांतरासाठी जे डोके लागते ते दिवसभर साहेबांकडे गहाण पडलेले असते. दहावीचे गणित मात्र मला झोपेतही येते, आणि रात्री आठ वाजता मी जवळजवळ झोपेतच असतो, म्हणून शिकवणी निवडली. आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास, महिन्याला साधारण बारा तासिका, म्हणजे अठरा तासांचे 3,600 रुपये. तासाला दोनशे हा हिशेब मी मोठ्या समाधानाने पत्नीला ऐकवला होता.

त्या घरातले आजोबा मात्र मी हिशेबात धरलेच नव्हते. कुठल्याशा सरकारी खात्याच्या लेखापरीक्षणात आयुष्य काढलेले हे गृहस्थ शिकवणीभर समोरच्या आरामखुर्चीत बसतात, मांडीवर लाल पुठ्ठ्याची वही असते आणि तिच्यात तासिका क्रमांक, आगमन, प्रस्थान व शेरा असे चार रकाने रेघा मारून आखलेले असतात. मी पाकीट हातात धरून विचारले, “आजोबा, ही 105 मिनिटे कसली?”

“एकवीस मिनिटे उशिराची, सर. लोकल उशिरा आली हे कारण ग्राह्य धरलेले नाही.”

“आणि बाकीची चौऱ्याऐंशी?”

“चहाची. दर तासिकेस सात मिनिटे, गुणिले बारा.”

“पण चहा तुम्हीच आणून देता! मी नको म्हटले तर आग्रह करता.”

“आग्रह हा आदरातिथ्याचा भाग झाला,” ते शांतपणे म्हणाले, “वेळ हा कराराचा. चहाचे पैसे मी कुठे लावले आहेत?” मग वही माझ्यापुढे सरकवून त्यांनी शेऱ्याच्या रकान्याखाली सही मागितली, आणि मी ती केली, कारण रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मला भूक लागली होती.

या वहीला माझा खरा आक्षेप असा की, ती दारात माझी चप्पल दिसल्यावर उघडते आणि चप्पल घालताच मिटते. स्थानकावरून वाकडी वाट करून त्यांच्या घरी जाण्यात आणि मग आपल्या घरी परतण्यात तासिकेमागे चाळीस मिनिटे जास्तीची जातात, म्हणजे महिन्याला आठ तास. गृहपाठ तपासण्यात आणि भूमितीची सरावपत्रिका काढण्यात आणखी सहा तास. रिक्षाचे सहाशे रुपये वेगळेच. हातात उरतात 2,650, आणि जुन्या करप्रणालीत पगारामुळे मी वीस टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने ही मिळकत थेट त्याच टप्प्यावर जाऊन बसते, म्हणजे उपकर सोडला तरी आणखी 530 गेले. उरलेल्या 2,120 रुपयांना खऱ्या बत्तीस तासांनी भागले की तासाला सहासष्ट रुपये पडतात. वर पगाराव्यतिरिक्त व्यवसायाचे उत्पन्न दाखवायचे म्हणून दरवर्षीचा सोपा आयटीआर-1 चालत नाही, मोठा फॉर्म भरावा लागतो आणि तो भरून देणारा चहा पाजत नाही.

बीजगणितातल्या ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात जीएसटी आला तेव्हा आजोबांनी मधेच विचारले होते, “सर, तुम्ही जीएसटी भरता का?” सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, आणि माझी उलाढाल बारा महिने धरून 43,200 आहे, असे मी सांगताच नातू हसला. माझ्या वर्षभराच्या कमाईवर माझ्याच विद्यार्थ्याने हसावे, याचा राग अजून गेलेला नाही.

शिकवणी सोडावी असे मात्र आकडे म्हणत नाहीत. खड्डा आहे तो जाण्यायेण्यात. हाच मुलगा आणि त्याचा एखादा मित्र माझ्या घरी आले तर प्रवासाचे आठ तास आणि रिक्षा वाचते, तपासणी थोडी वाढून एकूण सव्वीस तास होतात, आणि 7,200 मधून कर वजा जाता तासाला सव्वादोनशेच्या आसपास पडतात. तिसरा मुलगा मात्र नको, कारण मग माझ्या एकुलत्या एक खोलीत बायकोला बसायला जागा उरत नाही.

हा प्रस्ताव मी आजोबांपुढे रीतसर मांडला. त्यांनी तो वहीत उतरवून घेतला, दोन विद्यार्थ्यांमागे घाऊक सवलत किती देणार ते लेखी कळवा म्हणाले, आणि आपण स्वतः देखरेखीला येणार असल्याने माझ्याकडे हाताची खुर्ची आहे का, याची चौकशी केली.