फॉरवर्ड रद्द केला म्हणून सुटका होत नाही

> "फॉरवर्ड म्हणजे बँकेशी लावलेली पैज. प्रीमियमच्या नावाखाली बँक आधीच पैसे कापते. डॉलर उतरला की आपला तोटा तो बँकेचा नफा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बुक करणारे मे महिन्यात लाखांनी बुडाले. आणि अडकलातच, तर फॉरवर्ड रद्द करा आणि बाजारभावाने डॉलर घ्या."

फॉरवर्ड म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेला आजच ठरलेल्या भावाने डॉलर घेण्याचा बँकेशी केलेला करार. त्याच्यावरच्या वरच्या आरोपांपैकी मेमधल्या लाखांपासून सुरुवात करतो, कारण तो आकडा खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १० फेब्रुवारी २०२५ ला डॉलर ८७.९५ पर्यंत चढला होता आणि दिवसअखेर साडेसत्त्याऐंशीच्या आसपास थांबला. २ मे रोजी तोच डॉलर काही वेळ ८४ च्याही खाली गेला. तीन महिन्यांत तीन-साडेतीन रुपयांचा फरक पडला.

मी छोट्या आयातदारांचे बँकेचे व्यवहार सांभाळतो. त्या दिवसांत असाच एक सौदा माझ्या डोळ्यांसमोर झाला. पक्ष भोसरीतला, मशीन बनवणारा. तैवानहून बॉलस्क्रू आणि लिनियर गाइडवे यायचे होते, बिल १ लाख डॉलरचं, पैसे ५ मे रोजी द्यायचे. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल करून देतो. बँकेशी फोनवर झालेलं बोलणं एवढंच:

"एक लाख डॉलर, पाच मे, सेल. रेट काय?"

"स्पॉट सत्त्याऐंशी पन्नास, प्रीमियम पंचेचाळीस, मार्जिन पाच. अठ्ठ्याऐंशी फ्लॅट."

"डन."

संध्याकाळी डील स्लिप आली, सही-शिक्का मारून परत गेली. आता ५ मे रोजी डॉलर कुठेही असो, त्याने ८८ लाख रुपये द्यायचे आणि बँकेने १ लाख डॉलर द्यायचे. दोघेही बांधले गेले.

आधी ते ४५ पैसे बघू. बँक आज तीन महिन्यांनंतरच्या डॉलरचा भाव कबूल करते, तेव्हा तिच्यापुढे एक सरळ मार्ग असतो: आजच स्पॉटला, म्हणजे हजर बाजारभावाने, डॉलर विकत घ्यायचा आणि तीन महिने सांभाळायचा. त्यासाठी लागणाऱ्या रुपयांवर तिला रुपयाचं व्याज पडतं आणि ठेवलेल्या डॉलरवर डॉलरचं व्याज मिळतं. त्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.२५ टक्के होता आणि अमेरिकेत फेडचा दर ४.२५ ते ४.५० च्या पट्ट्यात होता. वर्षाला साधारण दोन टक्क्यांचा फरक, म्हणजे तीन महिन्यांना अर्धा टक्का. साडेसत्त्याऐंशीचा अर्धा टक्का काढा, ४४ पैसे येतात. बाजारातला प्रीमियम रोज थोडा हलतो, पण त्याचं मूळ हेच. डॉलर कुठे जाईल याचा अंदाज त्यात नसतो आणि बँकेची फीही नसते. तुम्ही स्वतः आज डॉलर घेऊन ठेवले असते, तर जवळपास तेवढंच व्याज तुमच्या खिशातून गेलं असतं.

बँकेची कमाई ते पाच पैसे. भांडायचंच असेल तर तिथे भांडा, आणि जरूर भांडा. शाखेने 'ऑल-इन' रेट सांगितला तर स्पॉट, प्रीमियम आणि मार्जिन वेगवेगळं विचारा. एक लाख डॉलरवर दहा पैसे म्हणजे दहा हजार रुपये. क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या एफएक्स-रिटेल प्लॅटफॉर्मवर नोंदणी केली, तर बाजारात भाव काय चाललाय ते स्वतः बघता येतं. मार्जिन पाच पैसे आहे की चाळीस, हे ज्याने कधी विचारलंच नाही, तो सगळा राग प्रीमियमवर काढतो.

डॉलर उतरल्यावर बँक मालामाल होते, हेही याच पद्धतीमुळे टिकत नाही. तुमचा सौदा झाला की बँकेची ट्रेझरी सहसा तेवढेच डॉलर त्याच तारखेसाठी बाजारातून घेऊन टाकते, साधारण ८७.९५ ला. मेमध्ये डॉलर ८४.५० झाला तरी बँकेला तो ८७.९५ लाच उचलायचा असतो आणि तुम्हाला ८८ ला द्यायचा असतो. डॉलर ९२ झाला असता तरी हेच. तिच्या हातात दोन्ही वेळा पाच पैसेच राहतात. तुम्ही सौदा मोडलात तर मात्र ८७.९५ चा डॉलर तिच्या गळ्यात पडतो. म्हणूनच रद्द करण्याचा हिशेब तुमच्याकडून वसूल होतो.

तो हिशेब नीट मांडतो, कारण या एका सल्ल्यामुळे मी लोकांना फुकटचे पैसे घालवताना पाहिलं आहे. ५ मे उजाडला, बाजार ८४.५० वर आहे असं धरा. फॉरवर्ड रद्द करायचा म्हणजे बँकेने तुम्हाला ८८ ला विकलेले डॉलर तिने तुमच्याकडून परत विकत घ्यायचे. ते ती खरेदीच्या भावाने घेणार, समजा ८४.४० ला. फरक ३.६० रुपये, म्हणजे ३ लाख ६० हजार तुमच्या खात्यातून वजा. मग पुरवठादाराचे पैसे द्यायला तुम्ही ८४.५० ने डॉलर घेणार, ८४ लाख ५० हजार. बेरीज ८८ लाख १० हजार. फॉरवर्ड सरळ वापरला असता तर ८८ लाखांत काम झालं असतं. दहा हजार वर गेले, शिवाय रद्द करण्याचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी.

मुदतीआधी रद्द केलं तर? मार्चच्या अखेरीस डॉलर साडेपंच्याऐंशीच्या आसपास आला होता. तेव्हा ५ मेच्या तारखेचा फॉरवर्ड ८५.८० ला परत घेतला असं धरा: २ लाख २० हजार भरले आणि सौदा मोकळा. पुढे मेमध्ये ८४.५० ला डॉलर घेतला, तर एकूण ८६ लाख ७० हजार, म्हणजे १ लाख ३० हजार वाचले. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, अमेरिकेच्या आयातशुल्काच्या गोंधळात, डॉलर परत ८६.५० च्या वर गेला होता. रद्द करून बसलेल्याला त्या दिवशी पैसे द्यावे लागले असते, तर भरलेले २ लाख २० हजार आणि वर ८६.५० चा डॉलर, म्हणजे ८८ लाख ७० हजार. फॉरवर्ड घेणं ही पैज नव्हती. तो मध्येच मोडून उघडं राहणं ही मात्र नक्की पैज आहे.

आणि मुदतीच्या दिवशी गप्प बसू नका. वापर, रद्द किंवा रोलओव्हर म्हणजे मुदत पुढे नेणं, यांतली कोणतीच सूचना बँकेला गेली नाही, तर काही कामकाजाच्या दिवसांनी ती स्वतःहून करार रद्द करते. तोटा असेल तर वसूल करते. फायदा निघत असेल तर तो ग्राहकाला मिळत नाही, कारण चूक ग्राहकाची धरली जाते.

आता राहिले ते साडेतीन लाख. भोसरीच्या पक्षाने ८८ ने डॉलर घेतला, बाजारात ८४.५० ने मिळत होता. हे त्याला बोचलंच. पण त्याचा कोटेशनचा कागद बघा. गिऱ्हाइकाकडून रुपयांत, ठरलेल्या भावाची पर्चेस ऑर्डर होती, १ कोटी ३० लाखांची. आयातीचे सुटे भाग ८८ लाख, बाकी खर्च ३० लाख, उरले १२ लाख. फॉरवर्डमुळे ते १२ लाख फेब्रुवारीतच नक्की झाले आणि मेमध्ये तेवढेच मिळाले. डॉलर ९३ झाला असता तर त्यातले पाच लाख गेले असते आणि गिऱ्हाइकाने एक रुपया वाढवून दिला नसता. तुलना करायची ती ज्या भावाने माल कॉस्ट केला त्याच्याशी. ५ मेचा बाजारभाव १० फेब्रुवारीला कोणाच्याच हातात नव्हता.

पण सगळ्यांचं गणित असं नसतं. वाशीच्या बाजारात कॅलिफोर्नियाचे बदाम मागवणारा एक व्यापारी माझ्याकडे आहे. त्याचा विक्रीभाव डॉलरबरोबर हलतो. डॉलर उतरला की महिन्याभरात शेजारचा गाळेवाला स्वस्त माल उतरवतो आणि यालाही भाव पाडावा लागतो. त्याने ८८ ला सगळा माल बांधला असता, तर ते साडेतीन लाख थेट नफ्यातून गेले असते. भाव बांधण्याची ही खरी किंमत आहे. ती बँक घेत नाही. उघडा राहिलेला प्रतिस्पर्धी ती वसूल करतो. म्हणून हा व्यापारी फक्त आधीच ठरलेल्या भावाने विकलेल्या मालाएवढेच डॉलर बांधतो, बाकी मोकळे ठेवतो. मोकळ्या भागावर कधी कधी कॉल ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने डॉलर घेण्याचा फक्त हक्क, घेतो. तिथे प्रीमियम रोख भरावा लागतो, पण डॉलर उतरला तर करार सोडून देता येतो.

डॉलर उतरण्याचा आणखी एक खर्च असतो आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. फॉरवर्ड बँकेने तुम्हाला दिलेल्या कर्जमर्यादेतला हिस्सा अडवून ठेवतो. डॉलर ८८ वरून ८५ वर आला की बँकेच्या वहीत तुमचा सौदा तीन लाखांच्या तोट्यात दिसतो आणि मुदतीआधीच ती जादा मार्जिन, इथे म्हणजे अनामत रक्कम, मागू शकते. नफा-तोट्याच्या पत्रकात काहीच बदललेलं नसतं, पण चालू खात्यातली रोकड अडकते. जहाज उशिरा आलं तर त्याहून वाईट: कागद १५ दिवस लांबले की करार पुढे न्यायचा, म्हणजे आजच्या भावाने जुना रद्द आणि नवा बुक. जुन्याचा फरक त्याच दिवशी रोख भरायचा. एकूण हिशेब पुढे जुळतो, कारण नवा करार खालच्या भावाने होतो, पण त्या दिवशी तीन-साडेतीन लाख खात्यात लागतात.

त्यासाठी एका तारखेऐवजी ऑप्शन पिरियड घ्यावा, उदाहरणार्थ ५ मे ते ३० मे. त्या काळात कोणत्याही दिवशी डॉलर उचलता येतो. प्रीमियम मात्र शेवटच्या तारखेचा पडतो, म्हणजे डॉलरमागे साधारण बारा-तेरा पैसे जास्त. भोसरीच्या पक्षाने ते वाचवले होते. त्याचे कागद ३ मेला बँकेत पोचले, म्हणून निभावलं. पुढच्या ऑर्डरच्या वेळी त्याने स्वतःच फोनवर ऑप्शन पिरियडची खिडकी मागितली.